‘तेवढं माझं काढ ना’: मित्राने टाकलेल्या व्हिडिओबद्दल निरोप कसा लिहायचा

मी लग्नाचे, बारशाचे, साखरपुड्याचे व्हिडिओ एडिट करतो. त्यामुळे ‘तेवढं माझं काढून टाक’ असे निरोप मला सतत येतात, आणि त्यातले बरेचसे मला कळतच नाहीत. ‘तो मधला भाग काढ ना प्लीज’ असं कुणी लिहितं. दोन तासांच्या व्हिडिओत मधला भाग कुठला? जिथे ती जेवतेय तो, की जिथे तिच्या हातून अक्षतांचं ताट पडतं तो?

हौसेने व्हिडिओ टाकणाऱ्या मित्राचीही अडचण हीच असते. त्याच्या मनात काही वाईट नसतं. तुमचा निरोप आला की त्याला दोनच प्रश्न पडतात: नक्की काय करायचं, आणि केलं तर मिळालेले लाइक्स, कमेंट जातील का. निरोपात या दोन्हींची उत्तरं असली तर काम बहुधा त्याच दिवशी होतं. नसली तर ‘बघतो’ असं उत्तर येतं आणि व्हिडिओ तिथेच राहतो.

म्हणून निरोप लिहायला बसण्याआधी थोडी तयारी करायची. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. एका मित्राने रविवारी रात्री बावीस मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक दिली आणि त्यातली पाऊण मिनिटाची एक क्लिपही वेगळी टाकली. व्हिडिओत एक मैत्रीण गप्पांच्या ओघात स्वतःच्या घटस्फोटाबद्दल बोलून गेली आहे. कॅमेरा चालू आहे हे तिच्या लक्षातच नव्हतं. सोमवारी रात्री तिने तो पाहिला.

आधी व्हिडिओ पूर्ण पाहा, आवाजासकट

आपल्याला जिथे खटकलं तेवढंच लक्षात ठेवून लोक निरोप पाठवतात आणि इथेच फसतात. आपल्या मैत्रिणीचं बोलणं 11:48 ला सुरू होऊन 12:31 ला संपतं. पण 15:05 ला दुसराच कुणीतरी त्यावरून चेष्टा करतो. तेव्हा ती चौकटीत नाही, तिचं नाव मात्र स्पष्ट ऐकू येतं. पहिला तुकडा काढला आणि दुसरा राहिला, तर पाहणाऱ्याचं कुतूहल उलट वाढतं. शिवाय दोन दिवसांनी ‘अजून एक राहिलंय’ असा दुसरा निरोप पाठवावा लागला की तो मित्राला कटकट वाटतो. पहिल्या निरोपाला मिळणारी सहानुभूती दुसऱ्याला मिळत नाही.

तेव्हा इअरफोन लावून अख्खा व्हिडिओ एकदा पाहा आणि कागदावर वेळा लिहा. प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी तीन-चार सेकंद जास्त धरा, कारण वाक्याचा पहिला शब्द किंवा शेवटचं हसू कडेला उरतं आणि तेवढ्यावरून विषय कळतो. 11:48 ते 12:31 ऐवजी 11:45 ते 12:35 लिहायचं. मग तोच व्हिडिओ आणखी कुठे आहे ते बघा: ग्रुपवर, स्टेटसला, इन्स्टाच्या स्टोरीत, रीलमध्ये. प्रत्येक जागेचा उपाय वेगळा असतो आणि प्रत्येकीची मुदतही वेगळी.

हे करत असताना दोन गोष्टी टाळा. व्हिडिओखाली कमेंट करू नका. ‘हे काय टाकलंस रे’ एवढं जरी लिहिलं तरी ज्यांच्या लक्षात आलं नव्हतं ते पुन्हा जाऊन पाहतात. आणि ‘बघ ना माझं काय टाकलंय’ म्हणून ती क्लिप स्वतःच दुसऱ्या मैत्रिणीला पाठवू नका. मी पाहिलेल्या कितीतरी प्रकरणांत सगळ्यात हट्टी प्रत निघाली ती तक्रार करणारीनेच पाठवलेली.

इन्स्टाग्रामवर तुम्हाला टॅग केलं असेल तर तो टॅग तुम्ही स्वतः काढू शकता. पोस्टवर आपल्या नावावर टॅप केलं की Remove Me From Post येतं. मित्राला विचारायचीही गरज नाही. व्हिडिओ त्याने जात नाही, पण तुमच्या प्रोफाइलवरून तिथे पोचायची वाट बंद होते.

काय मागायचं हे जागेवर ठरतं

‘डिलीट कर’ ही मागणी लिहायला सोपी आणि मित्राला सगळ्यात जड. गेट-टुगेदरचा व्हिडिओ जुळवायला त्याने रात्र घातलेली असते, खाली चाळीस जणांच्या जुन्या आठवणी आलेल्या असतात. त्याला कमीत कमी गमवावं लागेल असा उपाय तिथे आहे का, हे आधी आपण शोधायचं.

यूट्यूबवर आपलं नशीब बरं असतं. टाकलेल्या व्हिडिओतून मधला तुकडा काढता येतो आणि लिंक, व्ह्यूज, कमेंट सगळं तसंच राहतं. हे अनेक टाकणाऱ्यांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं सगळं पुन्हा अपलोड करावं लागेल. त्यासाठी संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडायचं, Content मध्ये तो व्हिडिओ निवडायचा, डावीकडे Editor, मग Trim & cut. New cut दाबून नको असलेल्या भागाची सुरुवात आणि शेवट ठरवायचा, पक्कं करायचं आणि वर Save. तिथेच चेहरा धूसर करायचीही सोय आहे. ती मागण्याआधी मात्र विचार करा. चेहरा धूसर झाला तरी आवाज तसाच राहतो, आणि बॅचमधले पन्नास जण तो आवाज ओळखतात. मागे नाचताना दिसत असाल तर चेहरा झाकून भागेल. बोलणं नको असेल तर तुकडाच कापला पाहिजे.

यात एक खोच आहे. Save केल्यावर बदललेला व्हिडिओ तयार व्हायला वेळ लागतो, लांब व्हिडिओला काही तासही लागू शकतात, आणि तोवर लोकांना जुनाच दिसत राहतो. मधल्या काळासाठी व्हिडिओ Private करून ठेवणं उत्तम, ते फोनवरूनही होतं. Unlisted केल्याने आपल्या उदाहरणात काहीच साधणार नाही. त्यात ज्याच्याकडे लिंक आहे तो पाहू शकतो, आणि लिंक तर ग्रुपवरच पडलेली आहे.

इन्स्टाग्रामची रील एकदा पोस्ट झाली की आतला तुकडा कापता येत नाही. कापायचं तर उतरवायची, एडिट करायची, नव्याने टाकायची, आणि जुने लाइक्स-कमेंट गेले. म्हणून तिथे माझा सल्ला असा की डिलीटऐवजी ‘अर्काइव्ह’ मागा. पोस्ट लोकांना दिसेनाशी होते, पण मित्राकडे सगळ्या कमेंटसकट जपलेली राहते. ‘तुझं काही जात नाही’ हे खरंखुरं सांगता येणं फार कामाचं असतं. एकाच पोस्टमध्ये आठ-दहा फोटो-व्हिडिओ असतील आणि तुमचा त्यात एकच असेल, तर तेवढा एक काढून बाकी पोस्ट ठेवता येते. स्टोरी चोवीस तासांत आपोआप जाते, पण ‘हायलाइट’ला लावली तर राहते. तेव्हा स्टोरीबद्दल लिहिताना ‘हायलाइटला नको लावूस’ हेही त्याच निरोपात टाका.

व्हॉट्सअॅपवर गेलेला व्हिडिओ कापता येत नाही, फक्त ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करता येतो, आणि पाठवणाऱ्याला त्यासाठी साधारण अडीच दिवसच मिळतात. ग्रुपचा अॅडमिनही दुसऱ्याने टाकलेला मेसेज सगळ्यांसाठी काढू शकतो. पाठवणारा फोन उचलत नसेल तर हे आठवा. मात्र ज्यांच्या गॅलरीत व्हिडिओ आधीच उतरला असेल, त्यांच्याकडे तो राहू शकतो, आणि कुणी पुढे पाठवला असेल तर ती प्रत यातून जात नाही. म्हणून व्हॉट्सअॅपचं काम सगळ्यात आधी. आपल्या मैत्रिणीकडे रविवार रात्रीपासून मोजून मंगळवार रात्रीपर्यंतचा वेळ निर्धास्त आहे, त्यानंतर भरवसा नाही.

निरोप

पाठवायचा तो एकट्याला, ग्रुपवर कधीच नाही. ग्रुपवर लिहिलं की मित्राला चारचौघांत स्वतःची बाजू राखावी लागते, आणि दोन जण ‘अगं मजा म्हणून टाकलंय’ म्हणत त्याच्या मदतीला येतात. मग कापणं म्हणजे हार मानणं होऊन बसतं.

तिने पहिल्यांदा लिहिलेला मसुदा असा होता:

> अरे प्लीज राग मानू नकोस हं, व्हिडिओ खूप म्हणजे खूपच छान झालाय, तुझी मेहनत दिसते. फक्त मला वाटलं की मी जे बोलले ते जरा ऑकवर्ड वाटतंय, आमच्या ऑफिसमधलं कुणी बघितलं तर उगाच. जमलं तर तेवढं काढशील का? नाही जमलं तरी चालेल.

यात न चालणाऱ्या गोष्टी तीन आहेत. कुठला तुकडा ते नाही. ‘नाही जमलं तरी चालेल’ असं तिने स्वतःच लिहून दिलंय, आणि कामात असलेला माणूस तेवढंच वाक्य वाचतो. तिसरी गोष्ट सगळ्यात महागात पडणारी: ऑफिसचं कारण खरं नाही, भिडेपोटी पुढे केलेलं आहे. खोट्या कारणाला मित्र खोट्या कारणाचाच उपाय देतो. ‘अगं, तुमच्या ऑफिसातलं कोण आपल्या शाळेचा व्हिडिओ बघणार?’ असं तो म्हणाला की तिच्याकडे उत्तर उरत नाही, कारण खरं म्हणजे तिला तो ऑफिसपेक्षा बॅचमधल्याच लोकांपासून दूर ठेवायचा आहे.

कारण एका ओळीचं आणि खरं असावं. सगळा तपशील सांगायची गरज नाही. ‘ते मी सगळ्यांसाठी बोलले नव्हते’ हे पुरेसं कारण आहे. ‘मी त्यात जशी दिसते ते मला आवडत नाही’ हेही पुरेसं आहे, त्याला वजन यावं म्हणून सासरच्यांना मध्ये आणू नका.

दुसरा मसुदा:

> अरे, गेट-टुगेदरच्या व्हिडिओबद्दल एक काम आहे तुझ्याकडे. 11:45 ते 12:35 मध्ये मी घटस्फोटाबद्दल बोललेय. कॅमेरा चालू आहे हे मला माहीत नव्हतं आणि ते मी सगळ्यांसाठी बोलले नव्हते. 15:02 ते 15:12 ला त्यावरूनच चेष्टा आहे. हे दोन तुकडे काढून टाक.
>
> यूट्यूब स्टुडिओत Editor मध्ये Trim & cut आहे. लिंक तीच राहते, कमेंट पण जात नाहीत. लॅपटॉप जवळ नसेल तर तोपर्यंत फोनवरून व्हिडिओ Private करून ठेव.
>
> ग्रुपवर टाकलेली क्लिप मात्र आज रात्रीच डिलीट फॉर एव्हरीवन कर, उद्या ती सगळ्यांच्या फोनवरून जाईल याचा भरवसा नाही.
>
> बाकी व्हिडिओ राहू दे. शेवटची गाणी मला पण हवीयेत. झालं की कळव.

हा मंगळवारी सकाळी गेला. ‘काढून टाक’ असं सरळ म्हटलंय, ‘काढशील का’ नाही. वर्गमित्राला हे उद्धट वाटत नाही, कारण ‘अरे’ने सुरुवात आहे आणि शेवटी गाण्यांची आठवण आहे. ‘राग मानू नकोस’ गाळलंय, त्याने राग मानण्यासारखं काही आहे असं उगाच सुचवलं जातं. ‘तू न विचारता टाकलंस’ हेही नाही. ते खरं असलं तरी एवढं वाचून मित्र विचारायला हवं होतं की नको यावरच बोलत बसतो आणि कापायचं बाजूला राहतं. त्याला ते सुनवायचंच असेल तर तुकडे निघाल्यावर, चहाच्या वेळी.

व्हिडिओ टाकणारं माणूस वयाने मोठं असेल, मैत्रिणीची आई म्हणा, तर बांधणी तीच आणि भाषा वेगळी. तिथे तांत्रिक पायऱ्या लिहून पाठवू नका, त्या वाचल्याच जात नाहीत. ‘काकू, हळदीचा जो व्हिडिओ तुम्ही स्टेटसला ठेवलाय त्यात मी आहे, ओल्या कपड्यांतली. तो तेवढा काढाल का? कसा काढायचा ते मी आत्ता फोनवर सांगते.’ आणि लगेच फोन करायचा. स्टेटससाठी नाहीतरी फोनच बरा. चोवीस तासांतले सहा तास निरोप वाचला जाण्याची वाट पाहण्यात गेले तर काढून तरी काय उपयोग.

उत्तरं कशी येतात

‘अगं किती छान दिसतेयस!’ हे सगळ्यात जास्त येणारं उत्तर, आणि यावर वाद घालायला गेलात की विषय तुमच्या दिसण्याकडे वळतो. ‘असेल, पण मला नकोय. 11:45 ते 12:35 काढ’ एवढंच पुरे. नवीन कारण देऊ नका, मागणी पुन्हा जशीच्या तशी लिहा.

‘सगळेच आहेत त्यात, तुलाच काय?’ यावर बाकीच्यांची वकिली घेऊ नका. ‘त्यांचं त्यांना विचार, मी माझ्यापुरतं सांगतेय.’

‘बघतो’ म्हटलं आणि गप्प बसला, तर दुसऱ्या दिवशी एकदा आठवण करायची, आणि तीही मागणी लहान करून: ‘कापायला वेळ नसेल तर आत्ता नुसता Private कर, कापायचं रविवारी कर.’ माझ्या अनुभवात इथे बहुतेक गाडं सुटतं, कारण अडलेलं असतं ते लॅपटॉप उघडण्यावर.

‘एडिटला जमत नाही’ असं म्हणणारे खोटं बोलतात असं नाही. स्टुडिओतला Editor फोनच्या अॅपमध्ये सापडत नाही म्हणून ते अडतात. संगणकावर सोबत बसून करून द्या. पासवर्ड मात्र मागू नका, आणि दिला तरी घेऊ नका. नंतर चॅनलला काहीही झालं तरी नाव तुमचंच येईल.

झालं म्हणाल्यावर

मित्राचं ‘झालं’ आलं की लगेच उघडून पाहू नका, जुनाच दिसेल आणि तुम्ही उगाच चिडाल. काही तासांनी दुसऱ्या फोनवरून, लॉग-इन न करता उघडा आणि पूर्वीच्या वेळांच्या आसपास ऐका. पन्नास सेकंदांचा पहिला तुकडा निघाल्यावर पुढचं सगळं तेवढंच अलीकडे सरकतं, त्यामुळे 15:02 चा तुकडा 14:12 च्या जागी शोधायचा. तो राहिलाय की गेलाय हे चुकीच्या मिनिटाला पाहून ठरवणारे मी बरेच पाहिलेत. लघुचित्र म्हणजे थंबनेलही बघा. कधी कधी आतला तुकडा जातो आणि बाहेरच्या लघुचित्रावर तुमचाच चेहरा राहतो.

ग्रुपच्या प्रतींसाठी मित्राकडूनच एक ओळ टाकून घ्या: ‘क्लिप बदललीय, आधीची कुणी सेव्ह केली असेल तर काढून टाका.’ तुमचं नाव त्यात नको आणि कारणही नको. तुम्ही स्वतः असं लिहिलंत तर जुनी प्रत शोधून पाहिली जाईल, व्हिडिओ टाकणाऱ्याने लिहिलं तर तो नुसता सुधारित प्रतीचा निरोप वाटतो.

नाहीच ऐकलं तर

मित्राला कायद्याचं कलम दाखवून फारसं साधत नाही. 2023चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही, आणि गेट-टुगेदरचा हौशी व्हिडिओ टाकणारा नेमकं तेच पुढे करेल. त्यापेक्षा व्यासपीठाची स्वतःची तक्रारीची वाट कामाची. यूट्यूबवर गोपनीयतेच्या तक्रारीचा वेगळा फॉर्म आहे. त्यातही व्हिडिओतल्या वेळा विचारतात, म्हणजे तुमचा कागद तिथे पुन्हा कामी येतो. तुमचा चेहरा, आवाज किंवा पूर्ण नाव यावरून तुम्हीच आहात हे ओळखू यायला हवं. तक्रार ग्राह्य वाटली तर यूट्यूब साधारणपणे टाकणाऱ्याला 48 तास देतं, तेवढ्यात त्याने स्वतः कापला किंवा काढला तर तिथेच मिटतं. तक्रार कुणी केली हे यूट्यूब तुमच्या परवानगीशिवाय त्याला सांगत नाही, पण दोन दिवसांपूर्वी निरोप पाठवलेला असताना ते ओळखायला फार डोकं लागत नाही. ती मैत्री तुम्हाला किती हवीय याचा हिशेब फॉर्म भरायच्या आधी करा.

हे सगळं हौसेने टाकलेल्या व्हिडिओंपुरतं. कपडे बदलतानाचं, अंघोळीचं किंवा शरीरसंबंधांचं चित्रण कुणी पसरवत असेल, तर गोड निरोपात वेळ घालवू नका. लिंक, तारीख-वेळ आणि टाकणाऱ्याचं खातं यांची नोंद करा, आलेल्या धमक्या आणि चॅट पुसू नका, आणि cybercrime.gov.in वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. खासगी अवयवांचं चित्रण संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई खाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे ‘अरे, एक काम आहे’ असा निरोप गेला की समोरच्याला पुरावा नाहीसा करायला आयती सवड मिळते.